तपासणी डब्याची करा, वहीची नको

"ओल्या-सुक्या कचऱ्याचा धडा छान झाला, पोस्टरंही झाली. आठवड्याने डब्यात सगळं पुन्हा एकत्र. फॉलो-अप कसा घ्यायचा?"

लेखी प्रश्न विचारू नका, मुलं ओल्याला हिरवा, सुक्याला निळा हे बरोबर लिहितात. मधल्या सुट्टीनंतर दोन्ही डबे जुन्या वर्तमानपत्रावर ओता, हातमोजे घालून चुकीच्या डब्यातल्या वस्तू मोजा. धड्याच्या दिवशी एकदा आणि दहा दिवसांनी न सांगता पुन्हा.

माझ्या सातवीच्या वर्गात पहिल्यांदा ५८ पैकी २३ वस्तू चुकल्या होत्या. संत्र्याची सालं बिस्किटाच्या पुड्यांत, असं. मग वर्गाने एकच काम घेतलं: जेवणातलं उरलेलं आणि सालं हिरव्यात, त्यासाठी रोज दोघांची पाळी. दहा दिवसांनी ६१ पैकी ९ चुकल्या, त्यातल्या ७ एकाच जातीच्या, तर्री पोह्याच्या कागदी प्लेटा! म्हणजे चूक आळसाची नव्हती, प्लेट कुठे टाकायची हेच मी शिकवलं नव्हतं. आता मुलं प्लेट फाडून बघतात. कडेला पातळ, ताणणारा पापुद्रा दिसला तर आत प्लास्टिक आहे, ती पुसून सुक्यात. नुसता तेलकट कागद ओल्यात, कारण तेल लागलेला कागद पुनर्वापराला चालत नाही.

आणि एकदा डब्यामागे फाटकापर्यंत जा. आमच्याकडे मावशी दोन्ही डबे एकाच पोत्यात ओतत होत्या, कारण शाळेने त्यांना दुसरं पोतं दिलंच नव्हतं. मुलांनी मुख्याध्यापकांकडून ते मागून घेतलं.