लकव्यात आधी सीटी कशाला? थेट एमआरआयच का नाही?

सांजवेळ: सकाळी सव्वाआठला बाबांच्या (वय ६७) उजव्या हातातून चहाचा कप निसटला, बोलणं बोबडं झालं. साडेनऊला सीटी झाला, 'नॉर्मल' म्हणून बीपीची गोळी देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी दुसरीकडे एमआरआय काढला, तर मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक. माझं मत, लकव्यात सीटी बंदच करावा. पटतं का?

पेठकर: शंभर टक्के. एमआरआयच्या डिफ्युजन चित्रात पांढरं दिसलं तर स्ट्रोक, नाही दिसलं तर नाही. विषय संपला.

फिल्मवाला: रेडिओलॉजीत आहे म्हणून सांगतो, इतक्यात संपत नाही. रक्त अडलं की काही मिनिटांतच पेशींचे पंप बंद पडतात, पाणी पेशीत शिरतं आणि त्याची हालचाल अडते. डिफ्युजन नेमकं तेच दाखवतं, म्हणून डाग लवकर उठतो. सीटीला तो भाग जरा काळपट व्हावा लागतो, त्यात काही तास जातात. सव्वा तासाने सीटी नॉर्मल आला यात नवल नाही.

पण तो सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला काढतात. नसेल, तर बाकी सगळं जुळल्यास गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. म्हणजे बाबांकडे पावणेएकपर्यंत वेळ होता! 'रक्तस्राव नाही' हे कुणीतरी 'काहीच नाही' असं वाचलं. खरा घोळ तिथे झाला.

आणि पेठकर, नुसतं पांढरं पुरत नाही. जुना डागही डिफ्युजनवर चमकतो. त्याच एमआरआयमधल्या, पाण्याची हालचाल मोजणाऱ्या एडीसीच्या चित्रात तीच जागा काळी दिसली, तर ताजा.

मालतीकाकू: आमच्या ह्यांना गरगरायला लागलं, उलट्या, चालताना एकाच बाजूला झोक जायचा. चार तासांत एमआरआय काढला, स्वच्छ. तिसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तर मेंदूच्या मागच्या भागात डाग. मग काय म्हणायचं तुमच्या मशीनला?

फिल्मवाला: काकू, होतं असं. मागच्या बाजूचे छोटे स्ट्रोक पहिल्या दिवशी डिफ्युजनलाही हुकतात. अशा वेळी त्या झोकावर विश्वास ठेवायचा.

पेठकर: ते राहू द्या. आधी एमआरआय काढला असता, तर बाबांना घरी पाठवलं असतं का?

फिल्मवाला: बहुधा नाही, हे मान्य. डिफ्युजनला दोनेक मिनिटंच लागतात. पण पेसमेकर आहे का विचारा, अंगावरचं धातूचं सगळं काढा, तळमळणाऱ्या माणसाला आत निजवा, यात वेळ जातो. मशीन कॅज्युअल्टीला लागून असेल, तर थेट एमआरआय मलाही चालेल. झोपेतून उठल्यावरच लकवा दिसला तर मी स्वतः मागेन. डिफ्युजनवर डाग आहे, फ्लेअर या एमआरआयच्याच दुसऱ्या चित्रावर अजून उमटलेला नाही, तर तो बहुधा साडेचार तासांच्या आतला असतो.

सांजवेळ: फाईल काढून बघितली. सीटीच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' शब्दच नाही. 'नो ब्लीड' एवढंच लिहिलंय.

पेठकर: तरी मी एमआरआयच म्हणणार.