‘चिंताविकृती’ की ‘चिंतेचा त्रास’?

पत्रकवाली: दवाखान्यात ठेवायला अँग्झायटीवरचं एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करतेय. पहिल्या खर्ड्यातलं वाक्य: ‘चिंताविकृतीने ग्रस्त रुग्ण आपल्या विचारांवर ताबा ठेवू शकत नाहीत.’ एका बाईंनी एवढंच वाचलं, ‘हे वेड्यांचं आहे का?’ विचारलं आणि पत्रक परत ठेवून दिलं. अर्थ न सोडता हे कसं लिहावं?

जुना समुपदेशक: बाईंनी बरोबर वाचलं, चूक वाक्याची आहे. बोलीत ‘विकृत’ म्हणजे घाणेरड्या वृत्तीचा माणूस. ‘ताबा सुटला’ म्हटलं की मारहाण, आरडाओरड डोळ्यांपुढे येते. मूळ इंग्रजीत म्हणायचं आहे ते इतकंच, की काळजी थांबवू म्हटलं तरी थांबत नाही.

माझ्या मते खरी दुरुस्ती वाक्याच्या रचनेत आहे. मराठीत आपण ‘मला ताप आहे’, ‘मला धास्ती वाटते’ असं म्हणतो. माणूस वेगळा आणि त्याला होणारं दुखणं वेगळं, हे आपल्या व्याकरणातच आहे. ‘चिंताग्रस्त रुग्ण’ लिहिलं की दोन्ही एकत्र चिकटतात. मी असं लिहीन: ‘काही जणांना सतत काळजी वाटते. थांबवायची म्हटली तरी ती थांबत नाही. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही. बहुतेक दिवस असं होत असेल आणि त्याला सहा महिने झाले असतील, तर हा चिंतेचा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत.’

सरळसोट: एवढं कशाला? ‘टेन्शन’ लिहा. खेड्यातल्या आजीलाही कळतं.

जुना समुपदेशक: कळतं हे खरं, आणि पत्रकात एकदा तो शब्द यायलाच हवा. पण मथळ्यात नको. टेन्शन सगळ्यांनाच असतं, त्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं? म्हणूनच सहा महिने, झोप, काम हे तपशील ठेवायचे. नेहमीची काळजी आणि हा त्रास यांतला फरक वाचणाऱ्याला तिथे दिसतो.

परिचारिका: मला हे गुळगुळीत वाटतं. ‘त्रास’, ‘अस्वस्थ वाटणं’ असं लिहीत गेलात तर घरचे म्हणणार, ‘मन घट्ट कर, होईल बरं.’ ‘आजार’ म्हटलं की निदान रजा तरी मिळते, सून उशिरा उठली तर सासू गप्प बसते. नावाला घाबरून नाव लपवलं तर कलंक तसाच राहतो.

सोलापूरची: आमच्या आईचं सांगते. जीव घाबरा व्हायचा, हातपाय गार पडायचे. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.’ त्या दिवसापासून तिने सांगणंच बंद केलं. आपण नाटक करतो असं लोकांना वाटतं, हे तिच्या मनात बसलं. तिला गोळ्या सुरू कराव्यात का?

जुना समुपदेशक: गोळ्यांचं आईंना तपासूनच ठरेल, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. पण पत्रकाला तुमचा अनुभव फार उपयोगाचा आहे. त्यात ‘शारीरिक कारण नसते’ असं वाक्य असेल तर ते काढा. त्याऐवजी: ‘धडधड खरी असते. तपासणीत हृदय ठीक निघालं, तरी शरीर भीतीच्या वेळी वागतं तसं वागत असतं.’ मात्र लगेच खाली हेही हवं, की छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ते चिंतेमुळेच आहे असं धरून घरी बसू नये. पॅनिक अटॅकला ‘झटका’ही लिहू नका, लोक हृदयविकार नाहीतर फिट समजतात. ‘अचानक येणारी तीव्र घबराट’ लांब आहे, पण गैरसमज होत नाही.

परिचारिका, तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणून तर ‘विकार’ शब्द काढलेला नाही. तो आधी ओळख पटल्यावर येतो, एवढंच.

परिचारिका: ‘विकार’ आणि ‘विकृती’ ऐकायला सारखेच. मी ‘चिंतेचा आजार’ म्हणेन.

जुना समुपदेशक: ‘आजार’ वाचून काही जण आयुष्यभराचं दुखणं समजतात, असं मी पाहिलंय. आपण दोघांनी भांडून हे ठरणार नाही. दोन्ही मसुदे पाच-सहा जणांना वाचायला द्या. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘हे तुमच्या जावेला सांगायचं झालं तर कसं सांगाल?’ असं विचारा आणि त्यांचे शब्द तसेच लिहून घ्या. सांगताना ‘वेड’, ‘डोक्यावर परिणाम’ आलं, तर ते वाक्य बदला. इंग्रजी येणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून उलट भाषांतरही करून घ्या, पण त्याने फक्त अर्थ तपासला जातो. वाचताना मनाला काय लागलं, हे त्यात दिसत नाही.

पत्रकवाली: आज चार जणींना विचारलं. तिघींनी ‘आजार’ म्हटलं. चौथी म्हणाली, ‘दोन्ही नको, वर फक्त धडधड आणि झोप लिहा, मी उचलीन.’ मथळा तसाच करतेय: ‘सतत काळजी, धडधड, झोप न लागणं’. खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक. आत ‘आजार’ की ‘विकार’, ते पुरुष वाचकांना विचारल्यावर. त्यांच्यापैकी अजून एकानेही पत्रक हातात घेतलेलं नाही.