मदत हवी आहे : मोरचुदाचं वजन स्थिर झालं, पण पाणी कमीच भरतंय

मंडळी, मी ऐरोलीत अकरावी-बारावीचे प्रॅक्टिकल घेतो. मोरचुदातलं (CuSO₄·5H₂O) स्फटिकजल काढताना गाडी एकाच जागी अडली आहे.

२.५०० ग्रॅम खडे खलात कुटून क्रुसिबलमध्ये घेतले आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर ठेवले. तासाभराने वजनात ०.७२२ ग्रॅम घट आली. पुन्हा अर्धा तास ठेवलं, घट तेवढीच. म्हणजे वजन स्थिर, उत्तर २८.९ टक्के. पुस्तकी आकडा मात्र ३६.१, म्हणजे ०.९०२ ग्रॅम घट हवी होती.

आधी काट्यावर संशय घेतला. मग हिशेब केला तर २८.९ म्हणजे बरोबर चार रेणूंचं पाणी! पाचवा रेणू घट्ट धरलेला असतो, तो २०० अंशांच्या वर गेल्याशिवाय सुटत नाही. पूडही स्वच्छ पांढरी नव्हती, किंचित निळसर झाक होती. तेव्हाच कळायला हवं होतं.

आता ओव्हन सोडून बर्नरवर जायचं आहे, पण आच वाढली की पोरं पूड काळी करतात. मग सल्फेटच फुटतं आणि घट ३६च्या वर जाते. वाळूच्या थाळीत क्रुसिबल पुरून २५० अंशांच्या आसपास कुणी धरलंय का? वाळूत थर्मामीटर कुठे खोचता?

शिवाय हा पावसाळा. डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी पडली आहे आणि काट्यावर शेवटचा आकडा बघता बघता चढतो. झाकण ठेवून तोलणं पुरेल का?