सीए इंटर एफएम: जुने पेपर बघून कॅल्क्युलेटरच्या कोणत्या ट्रिक्स शिकायच्या?

पनवेलकर_इंटर: साधा बारा आकडी सिटिझन आहे. यूट्यूबवर पंधरा-वीस ट्रिक्स दिसतात. वेळ थोडा आहे. जुन्या पेपरांतल्या गणितांवरून त्यातल्या कोणत्या निवडू?

सांगलीची_सीए: मागच्या चार-पाच अटेम्प्टचे पेपर घ्या. प्रत्येक गणितापुढे धड्याचं नाव लिहू नका, बोटांना काय करावं लागलं तेवढंच लिहा: ‘एकाच संख्येने पुन्हा पुन्हा भागणे’, ‘गुणाकारांची बेरीज’, ‘घात’. कॅपिटल बजेटिंगपुढे पहिल्या दोन नोंदी वारंवार येतील. म्हणून सुरुवात तिथून.

`1 ÷ 1.1 = = =` दाबलं की दर `=` ला एकेका वर्षाचा फॅक्टर येतो: ०.९०९१, ०.८२६४, ०.७५१३. मग `GT` दाबलं की तिन्हींची बेरीज २.४८६९, म्हणजेच ॲन्युइटी फॅक्टर.

आयआरआरला हे फार उपयोगी पडतं. गुंतवणूक १,००,००० आणि पाच वर्षं दरसाल ३०,००० येणार असतील तर हवा असलेला फॅक्टर ३.३३३३. `1 ÷ 1.15` करून पाच वेळा `=`, मग `GT`: ३.३५२२. तसंच १६ टक्क्यांना ३.२७४३. उत्तर या दोन दरांमध्ये आहे: १५ + ०.०१८९ ÷ ०.०७७९, म्हणजे १५.२४ टक्के.

सुरू करण्याआधी पडद्यावर GT चं चिन्ह नाही ना, ते बघा. असेल तर आधीची बेरीज आत आहे आणि ती तुमच्या उत्तरात मिसळेल. दशांशाची पट्टी `F` वर ठेवा. ती २ वर राहिली तर ०.९०९१ चं ०.९१ दिसतं.

नगरचा_आर्टिकल: GT वर एवढा भर मला पटत नाही. मध्येच एखादी बेरीज `=` ने केली की तीही GT मध्ये जाते आणि कळतसुद्धा नाही. शिवाय मार्क फॅक्टरच्या रकान्याला असतात. फॅक्टर तीन दशांशांपर्यंत लिहा आणि रोख रकमेशी गुणून `M+` दाबत जा. १२ टक्क्यांनी ४०,००० × ०.८९३, ५०,००० × ०.७९७, ६०,००० × ०.७१२, शेवटी `MR`: १,१८,२९०. सजेस्टेड आन्सर्सशी जुळतं, आणि सगळे आकडे कागदावर असतात.

कोडिंगवाला_पुणे: एवढा खटाटोप कशाला? एफएक्स-९९१ईएस घ्या, SOLVE मध्ये समीकरण टाका, आयआरआर लगेच येतो. आमच्या इंजिनिअरिंगला चालतो.

सांगलीची_सीए: @कोडिंगवाला, सीएच्या परीक्षेत सायंटिफिक चालत नाही. सहा फंक्शन, बारा आकडे, दोन मेमरी, एवढीच मुभा.

@नगरचा, रकान्याचं बरोबर आहे, पण तीन दशांश ही चूक कधीकधी नडते. पेपरात तक्ता दिला असेल तर तोच वापरावा. दिला नसेल तर पूर्ण आकड्यांनी प्रेझेंट व्हॅल्यू पडताळून घ्यावी, शेवटच्या वर्षापासून उलट:

```
60000 ÷ 1.12 + 50000 ÷ 1.12 + 40000 ÷ 1.12 =
```

उत्तर १,१८,२८०.७९. हा कॅल्क्युलेटर आधी भागाकार, मग बेरीज असा क्रम पाळत नाही, जसं दाबाल तसं करत जातो, म्हणूनच हे जमतं. सायंटिफिकवर हीच बटणं दाबली तर वेगळंच उत्तर येईल. तुमच्या १,१८,२९० मध्ये नऊ रुपयांचा फरक आहे तो फॅक्टर तोडल्याचा.

मुळं_बारा: घातासाठी बारा वर्गमुळांची ट्रिक कुणी सांगितली नाही! १.०८ चा दहावा घात: बारा वेळा `√`, मग `- 1`, `× 10`, `+ 1`, मग बारा वेळा `× =`. कुठलाही घात निघतो.

सांगलीची_सीए: निघतो, पण अंदाजे. हिने सुमारे २.१५८८ येतं, खरं २.१५८९. एक लाखावर जवळपास १४ रुपये. आणि मोजणी चुकून शेवटी अकराच वेळा दाबलं तर उत्तराचं वर्गमूळ, १.४६९, समोर येतं. पूर्ण घातासाठी `1.08 ×` आणि मग नऊ वेळा `=`. इथे घातापेक्षा एकदा कमी दाबायचं. पहिल्या `=` लाच वर्ग येतो. भागाकारात मात्र वर्षं तेवढेच `=`. इथेच बरेच जण एक वर्ष पुढे-मागे होतात. `1.1 × = =` ला १.३३१ आलं की तुमचं मोजणं बरोबर. बारा मुळं अपूर्णांक घातालाच राखा, तेही तुमच्या यादीत तसं गणित सापडलं तर.

पनवेलकर_इंटर: माझ्या मित्राकडे कॅसिओ आहे. त्यावर `1 ÷ 1.1 = =` चालत नाही.

सांगलीची_सीए: त्यावर `1.1 ÷ ÷ 1 = = =`. भागाकाराचं बटण दोनदा दाबल्यावर पडद्यावर K येतो. तो आला नाही तर पुढचे `=` फुकट. परीक्षेत दुसऱ्याचा कॅल्क्युलेटर मागून घेणाऱ्यांचं इथेच अडतं.

नगरचा_आर्टिकल: उलट पद्धत पडताळणीला घेतो. GT मात्र अजूनही नको. अडीच-तीन तासांत चिन्ह बघायचं भान राहील, याची खात्री कोण देणार?

सांगलीची_सीए: मग आयआरआरचे दोन्ही फॅक्टर `M+` ने बेरीज करून काढा. दर `=` नंतर एकदा `M+`, म्हणजे पाच वर्षांना दहा बटणं, दर बदलला की पुन्हा दहा. तुमच्या यादीत आयआरआरची गणितं किती आहेत, त्यावरून ठरवा.