विषय: किल्ल्या पोचल्या, डिपॉझिट कधी? (गोत्रीचा फ्लॅट)

प्रेषक: गोत्रीचा भाडेकरू, सध्या मुक्काम पुणे

वहिनी, नमस्कार. फोन उचलला जात नाहीये आणि दादांकडे अमेरिकेत रात्र असते, म्हणून आपल्या बडोद्याच्या मंडळाच्या लिस्टवरच लिहितो. किल्ल्यांचं पार्सल १७ जूनला पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसतंय, सही वॉचमनची आहे. आत मुख्य दाराच्या दोन, जाळीच्या दाराची एक आणि पत्रपेटीची एक अशा किल्ल्या आहेत. पुठ्ठ्यावर चिकटवून, फोटो काढूनच पाठवल्या. बदली अचानक झाली, तरी ३ तारखेला दादांना नोटीस दिली होती आणि ९ला घर रिकामं केलं. जूनचं भाडं भरलेलं आहे. ताबा मिळाल्याचं एका ओळीत लिहून द्या आणि २८,००० कधी येतील ते कळवा.

प्रेषक: वहिनी, कारेलीबाग

पाकीट वॉचमनच्या खणात पडून होतं. माझ्या हातात २१ला आलं, दार मी त्याच दिवशी उघडलं. तेव्हा भाडं २१पर्यंत. जाळीच्या दाराच्या दोन किल्ल्या दिल्या होत्या, एकच आली. कुलूप बदलायला लागणार. आणि लाइटबिल दोन महिन्यांनी येतं, ते आल्याशिवाय डिपॉझिटचं बोलू नका.

प्रेषक: मांजलपूर

कसलं २१? कुरियर पोचलं की ताबा दिला! २०२१चा नवा भाडेकायदा आहे, डिपॉझिट घर सोडल्याच दिवशी परत द्यावं लागतं. वहिनी, तुम्ही व्याजही द्याल.

प्रेषक: खजिनदार

ही लिस्ट गणेशोत्सवाच्या कामासाठी आहे. मंडळ कोणाच्या भाड्यात पडणार नाही. हॉलच्या डिपॉझिटवरून मागे जे झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

प्रेषक: अकोटा

किल्ली साध्या पाकिटात कधीच घालू नये. माझं पाकीट वाटेत फाटलं आणि पोचलं तेव्हा आत फक्त चिठ्ठी होती. डबीत घालून पाठवावी. बाकी, फ्लॅट रिकामा झालाय तर भाडं किती? भाच्याला हवाय.

प्रेषक: वकीलकाका, दांडिया बाजार

मांजलपूरकर, तो केंद्राचा नमुना कायदा आहे. राज्यानं स्वतःचा करून घेतल्याशिवाय तो इथे चालत नाही. इथे करार काय म्हणतो ते बघायचं. शिवाय किल्ली पाठवणं वेगळं आणि मालकानं ती स्वीकारणं वेगळं. नुसतं "डिलिव्हर्ड" दिसल्यानं ताबा सुटत नाही. पण वहिनींनी किल्ली घेतली, दार उघडलं आणि आता इथे लिहूनही टाकलं. ताबा घेतला नाही असं त्यांना यापुढे म्हणता येणार नाही.

१७ की २१ हा वाद मात्र फुकाचा आहे. करारात नोटीस एक महिन्याची असणार. ३ जूनला दिली म्हणजे ३ जुलैपर्यंतचं भाडं देणं आलंच, घर कधीही उघडा. जून भरलाय. राहिले जुलैचे तीन दिवस, १४,००० भाड्यावर साधारण १,३५५ रुपये.

लाइटबिलासाठी सगळं अडवू नका. निघतानाचं मीटरचं रीडिंग आहे का?

प्रेषक: गोत्रीचा भाडेकरू

आहे, ९ तारखेचा फोटो: ६,२४८. मेच्या बिलावर ६,०९१. जाळीची दुसरी किल्ली मला मिळालीच नव्हती.

प्रेषक: वकीलकाका

म्हणजे १५७ युनिट. २,००० राखून ठेवले तर बिल भागून वर उरेल. २८,००० वजा १,३५५ वजा २,००० म्हणजे २४,६४५ आता द्या, बाकीचा हिशेब बिल आल्यावर. रंग, खिळे, नळ यांचं काही काढायचं असेल तर तेही याच आठवड्यात फोटोसकट सांगा, नंतर नाही. आणि ताब्याची ओळ दादांनीच ईमेलवर लिहावी. करार त्यांच्या नावावर आहे, वहिनींचं लिहिणं उद्या "मला काय माहीत" म्हणून उडवता येतं.

किल्लीचं: घर घेताना सामानाची यादी केली होती का? दोन किल्ल्यांवर भाडेकरूची सही असेल तर कुलूपवाल्याचं बिल त्याच्याकडे. नसेल तर वहिनींनी मागू नये.

प्रेषक: वहिनी, कारेलीबाग

यादी होती, कपाटात शोधते. पैशाचं दादांना विचारते, ते रविवारी बोलतात. पण दुसरी किल्ली मी स्वतः हातात दिली होती, दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर. आणि तो स्टीलचा डबाही अजून आलेला नाही.

प्रेषक: मांजलपूर

काका, म्हणजे व्याज नाहीच?

प्रेषक: अकोटा

भाड्याचं कोणी सांगितलंच नाही. १४,०००च का, की भाच्याला वाढवणार?