मदत हवी आहे: जुन्या ग्राहकाला जादा काम सुचवायचंय, पण गळ्यात मारतेय असं वाटायला नको

आडवी_बेरीज

मी छोट्या व्यावसायिकांची हिशेबाची कामं घरून करते. त्यातले एक गृहस्थ पॅकिंगचे खोके छापून देतात. त्यांचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि संबंध चांगले आहेत. ठरलेलं काम एवढंच: नोंदी करायच्या, बँकेचा हिशेब जुळवायचा आणि महिनाअखेरीस नफा-तोट्याचा कागद पाठवायचा.

हल्ली त्यांची येणी फुगत चालली आहेत. खरे आकडे देत नाही, तिमाहीची विक्री १०० धरा. वर्षभरापूर्वी तिमाहीअखेर ४२ येणं बाकी असायचं, आता ६८ आहे. ९० दिवसांच्या हिशेबाने पैसे यायला तेव्हा सरासरी ३८ दिवस लागत होते, आता ६१ लागतात. त्यांनी गिऱ्हाइकांना दिलेली मुदत ३० दिवसांची आहे. मागे फोनवर ते म्हणालेही, "तुमच्या कागदावर नफा दिसतो, पण पगाराच्या वेळी माझी ओढाताण का होते?"

मला त्यांना तीन गोष्टी सुचवायच्या आहेत: दर आठवड्याला थकबाकीची यादी, गिऱ्हाइकांना आठवणीची पत्रं आणि पुढच्या तेरा आठवड्यांत किती पैसा येईल-जाईल याचा अंदाज. याची फी वेगळी असेल. मजकूर असा लिहिलाय:

"नमस्कार. आपल्या व्यवसायाची वाढ लक्षात घेऊन आम्ही येणी व्यवस्थापनाची नवीन सेवा सुरू करत आहोत. यात साप्ताहिक अहवाल, स्मरणपत्रे व रोख अंदाज यांचा समावेश आहे. जुने ग्राहक म्हणून आपणास सवलत देण्यात येईल."

वाचून मलाच कसंतरी होतंय. कसं लिहू? की फोनच करू? आणि फीचा आकडा पहिल्याच वेळी सांगायचा का?

---

सरळव्याज

दर वाढवायचा तर एवढा विचार कशाला? वर्ष बदलताना पत्र पाठवायचं, "पुढील महिन्यापासून सुधारित दर". मी तसंच करतो. एखादा कुरकुरतो, बाकीचे देतात.

---

आडवी_बेरीज

दर वाढवायचा नाहीये हो. काम नवीन आहे, आणि ते हवं की नको हे त्यांनी ठरवायचंय.

---

मधली_फळी

सोपं आहे. दोन-तीन महिने फुकट करून द्या. यादी दर आठवड्याला हातात पडायला लागली की सवय होते, मग फी सांगा. कोणी नाही म्हणत नाही.

---

रोजकीर्द

@मधली_फळी, फुकट दाखवावं हे पटतं, पण एकदाच. महिनोन्महिने फुकट केलेलं काम समोरच्याच्या डोक्यात जुन्या फीमध्येच जाऊन बसतं. मग ज्या दिवशी पैसे मागाल, त्या दिवशी तुम्ही चालू असलेली गोष्ट काढून घेताय असं त्याला वाटतं. जबरदस्ती टाळायला निघालो आणि जबरदस्तीच झाली.

@आडवी_बेरीज, तुमचा मजकूर टोचतो कारण त्यात "आम्ही सुरू करत आहोत" आहे. म्हणजे गोष्ट तुमच्या दुकानाची झाली. त्यांची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आहे, पगाराच्या वेळच्या ओढाताणीची. तिथून सुरुवात करा, त्यांच्याच शब्दांत. आणि सवलत काढून टाका. मागितलेलं नसताना सवलत देऊ केली की ऐकणारा आधी खिसा चाचपतो.

पण लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण काय सुचवायचं हेच मला अजून पक्कं वाटत नाही.

एक, ६१ ही सरासरी आहे आणि ती फसवते. तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात विक्री जास्त झाली असेल, तर कोणीही उशीर केलेला नसताना आकडा फुगतो. म्हणून ६८ची फोड करा: मुदतीच्या आतलं किती, महिनाभर उलटलेलं किती, त्याहून जुनं किती, आणि जुनं कोणाकोणाकडे आहे.

दोन, माल गेल्याची तारीख आणि बिलाची तारीख शेजारीशेजारी लिहा. छपाईच्या धंद्यात माल चलनावर जातो आणि बिल मागाहून निघतं. हे मधले दिवस तुमच्या ६१मध्ये धरलेच जात नाहीत, कारण बिल होईपर्यंत ते येणं वहीत येतच नाही. गिऱ्हाइकाचे ३० दिवसही बिलाच्या तारखेपासूनच सुरू होतात.

---

खिळे_आणि_फळ्या

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. फर्निचरचा कारखाना आहे, हिशेब बाहेर देतो. मला अशी पत्रं येतात म्हणून सांगतो.

तुमच्या तीन गोष्टींपैकी आठवणीची पत्रं वाचून मी दचकलो असतो. माझ्या गिऱ्हाइकाला माझ्याआधी दुसऱ्या कोणी पैसे मागितलेले मला चालणार नाहीत. त्याच्याशी माझं काय बोलणं झालंय हे वहीत नसतं. एखाद्याला मी मुद्दाम सैल सोडलेलं असतं, कारण पुढची मोठी ऑर्डर त्याच्याकडून यायची असते. तीनही गोष्टी एका पुडीत बांधून आल्या तर त्या एकीपायी मी बाकीच्या दोन्हींना नाही म्हणेन, आणि कारणही सांगणार नाही. "बघू" म्हणेन.

शिवाय महिन्याच्या बिलासोबत पाठवू नका. बिल बघताना माणूस आधीच पैसे देण्याच्या मूडमध्ये नसतो.

---

शून्यशेष

माझा एक ग्राहक माझीच फी थकवतोय. त्याला हे ६१ दिवसांचं गणित करून पाठवावं का? तो मेसेज बघतो, उत्तर देत नाही.

---

रोजकीर्द

@शून्यशेष, त्याला तारीख आणि रक्कम कळवा, गणित नको. सविस्तर बोलायचं तर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे गोंधळ होईल.

@खिळे_आणि_फळ्या, पुडी न बांधण्याचा मुद्दा लाखमोलाचा.

---

आडवी_बेरीज

फोड केली, आणि चित्र मला वाटलं होतं तसं नाही.

६८पैकी ३१ मुदतीच्या आतलं आहे. १४ची मुदत महिन्याभरात उलटली आहे. उरलेलं २३ त्याहून जुनं, आणि त्यातलं १७ एकाच गिऱ्हाइकाकडे. त्या बिलांवर त्यांच्या माणसाचा शेरा आहे, "रंग चुकला, बोलणे चालू". ते १७ बाजूला ठेवलं तर सरासरी ढोबळमानाने ४६ दिवसांवर येते.

मग चलनाच्या तारखा काढल्या. मागच्या महिन्याच्या सगळ्या बिलांवर चलन क्रमांक आणि तारीख होतीच. माल जाणं आणि बिल निघणं यात सरासरी ९ दिवस जातात. चलनं शनिवारी गठ्ठ्याने ऑफिसात येतात आणि बिलं सवडीने होतात.

म्हणजे पत्रं पाठवून काय साधणार होतं? १७चा प्रश्न रंगाचा आहे, तो त्यांनाच बोलून सोडवावा लागेल.

---

रोजकीर्द

आता तुमच्याकडे सुचवायला काहीतरी आहे. बिलं वेळेवर काढणं हे छोटं, मोजता येणारं काम आहे आणि ते त्यांच्या गिऱ्हाइकाच्या वाटेलाही जात नाही. ९चे २ दिवस झाले तर सगळ्याच बिलांचा पैसा आठवडाभर आधी येऊ शकतो. "येऊ शकतो" असंच लिहा, हमी देऊ नका. काही गिऱ्हाइकं बिलाची तारीख न बघता ठरलेल्या दिवशीच पैसे सोडतात, तिथे फरक पडणार नाही.

मांडताना मी हा क्रम ठेवतो: काय दिसलं, ते तुमच्या तुम्ही कसं सुधारू शकता, मी केलं तर काय आणि कितीला. मधला भाग गाळू नका. त्यांना स्वतः करता येण्यासारखा उपाय आधी सांगितला की तुमचं म्हणणं विक्रीचं वाटत नाही, आणि खरोखर नसतंही. काही जण तो उपाय घेऊन तुम्हाला काम देणार नाहीत. ते गेलं असं धरूनच चालायचं.

फी पहिल्याच वेळी सांगा. आकडा लपवला की पुढचा फोन तुम्हाला करावा लागतो, आणि पाठपुरावा तिथूनच सुरू होतो.

---

तिरपी_रेघ

एक खटकतंय. वर्षभर येणी वाढताना दिसत होती, तर ती सांगणं चालू फीमध्येच यायला नको का? हिशेबनीसाने दिसलेलं सांगायचं नाही, तर कोणी सांगायचं?

---

रोजकीर्द

दिसलेलं सांगणं फुकटच. त्यावर दर आठवड्याला हात चालवणं विकत. ही रेघ मी तरी अशी ओढतो.

---

तिरपी_रेघ

आणि फोड करणं? चलनाच्या तारखा काढणं? ते "दिसलेलं" नाही, शोधलेलं आहे.

---

खिळे_आणि_फळ्या

ग्राहक म्हणून मला तेही फीमध्येच आलेलं आवडेल, पण मला तर सगळंच फीमध्ये आलेलं आवडतं. :)

---

आडवी_बेरीज

@तिरपी_रेघ, याचं उत्तर माझ्याकडे नाही. या वेळची तपासणी मी फुकट धरतेय. नव्याने मजकूर लिहिलाय, बघा:

"नमस्कार दादा. मागे तुम्ही विचारलं होतं की नफा दिसतो तर पगाराच्या वेळी ओढाताण का होते. म्हणून येण्यांकडे नीट पाहिलं. जुन्या थकबाकीतला मोठा हिस्सा त्या रंगाच्या वादातल्या एका गिऱ्हाइकाकडे आहे, तो तुमच्या बोलण्यानेच सुटेल. दुसरी गोष्ट, माल गेल्यावर बिल निघायला सरासरी ९ दिवस जातात. चलनांचा फोटो रोज संध्याकाळी ऑफिसात आला आणि दुसऱ्या दिवशी बिल निघालं तर हे दिवस वाचतील. हे तुमच्याकडचा माणूस करू शकेल. त्याला सवड नसेल तर मी करीन, महिना अमुक इतके. दोन महिने करून तारखा पुन्हा मोजू, फरक नसेल तर थांबवू. सोबत एक पानाचा तक्ता जोडलाय."

---

खिळे_आणि_फळ्या

हे मला आलं असतं तर मी आधी ऑफिसातल्या माणसाला हाक मारली असती आणि मग तुम्हाला फोन केला असता. "अमुक इतके"च्या जागी आकडा टाकायला मात्र विसरू नका.

---

मधली_फळी

दोन महिने पैसे घेऊन करायचे आणि फरक नसेल तर थांबवायचं, हे माझ्या फुकटवाल्या सल्ल्यापेक्षा बरं आहे, मान्य. पण थांबवायचं कोणी सांगायचं? ते विसरले तर?

---

रोजकीर्द

ते बेरीजताईंनीच सांगायचं, ठरल्या तारखेला, नवीन मोजणी समोर ठेवून. गुपचूप चालू ठेवलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

---

आडवी_बेरीज

पाठवलं, आणि आज त्यांचा फोन आला. बिलांचं काम दिलं, पण फक्त मोठ्या चार गिऱ्हाइकांचं. बाकीची बिलं त्यांचा माणूस करून बघणार आहे. रंगाच्या वादाबद्दल म्हणाले, "ते माझ्यावर सोडा." तेरा आठवड्यांच्या अंदाजाचा विषय मी काढलाच नाही.

आता एक अडचण: चलनांचे फोटो पुसट येतात आणि माल उतरवून घेणाऱ्याची सही वाचता येत नाही. सही नीट नसेल तर त्या बिलावर उद्या वाद होऊ शकतो. हे काम घेताना कोणी अशी अट घातली आहे का, की फोटो स्पष्ट नसेल तर बिल निघणार नाही?