मदत हवी आहे: जारमध्ये बसलेला गाळ दोन तासांनी वर का येतो?

मालवणी_स्थापत्य
सिव्हिल इंजिनिअरिंगच्या सेवा परीक्षेची तयारी करतेय, सध्या सांडपाणी शुद्धीकरण चालू आहे. प्रायमरी क्लॅरिफायर आणि एरेशन टँक कळले, सेकंडरी क्लॅरिफायरपाशी अडकलेय. गणित असं: एमएलएसएस, म्हणजे एरेशन टँकच्या पाण्यातला गाळ, २५०० मिग्रॅ प्रति लिटर, एक लिटरच्या जारमध्ये ३० मिनिटांनी गाळ ३०० मिली. क्लॅरिफायरच्या तळातून एरेशनला परत पाठवायचा गाळ, म्हणजे रिटर्न स्लज, किती टक्के ठेवायचा?
दुसरं म्हणजे, रत्नागिरीजवळच्या एका प्लांटवर हाच जार तसाच ठेवला होता. दोन तासांनी तळाचा गाळ गोळ्यागोळ्यांनी वर आला. का?

खाजणवाला
सोपंय, बल्किंग, म्हणजे गाळ फुगून नीट न बसणं. तंतूवाले जिवाणू वाढलेत. रिटर्न लाइनमध्ये क्लोरीन सोडायचं.

गुहागरचा_बाबू
आमच्या होमस्टेच्या टाकीतही मे महिन्यात गाळ वर येतो, वास तर विचारू नका. क्लोरीन किती टाकू?

निवृत्त_उपअभियंता
बाबू, तुमची सेप्टिक टँक दिसतेय. तिच्यात क्लोरीन टाकू नका, आहेत ते जिवाणूही मरतील. आधी उपसून घ्या.
ताई, ३०० ला २.५ ग्रॅमने भागा. एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो ते, १२० आला, म्हणजे गाळ चांगला बसतोय. दहा लाख भागिले १२०, म्हणजे परतीचा गाळ साधारण ८३३० मिग्रॅ प्रति लिटर. आता २५०० भागिले (८३३० वजा २५००), उत्तर ०.४३. येणाऱ्या सांडपाण्याच्या ४३ टक्के.
खाजणवाले, बल्किंग असतं तर गाळ अर्ध्या तासात बसलाच नसता, एसव्हीआय दीडशे-दोनशेच्या वर गेला असता. इथे बसला आणि मग उठला. एरेशनमध्ये अमोनियाचं नायट्रेट झालं. तळाशी ऑक्सिजन संपल्यावर जिवाणूंनी नायट्रेट वापरलं, नायट्रोजनचे बुडबुडे सुटले आणि गाळाला घेऊन वर आले. आपल्याकडे पाणी बारमाही कोमट, त्यामुळे हे लवकर होतं. काडीने हलवून बघायचं. बुडबुडे सुटून गाळ पुन्हा खाली गेला तर हेच कारण.

मालवणी_स्थापत्य
पण नायट्रोजन काढणं आम्हाला टर्शरीत, म्हणजे सेकंडरीनंतरच्या टप्प्यात शिकवलंय!

निवृत्त_उपअभियंता
जिवाणूंना अभ्यासक्रम कुठे माहीत! हेच काम मुद्दाम करून घ्यायचं तर एरेशनच्या आधी बिनहवेची टाकी देतात आणि एरेशनमधलं नायट्रेटवालं पाणी तिच्यात फिरवतात. क्लॅरिफायरमध्ये मात्र ते नको. तिथला गाळ लवकर उचला, रिटर्न वाढवा.

खाजणवाला
मान्य. पण मग हवाच कमी केली तर? नायट्रेट होणारच नाही, वीजही वाचेल.

निवृत्त_उपअभियंता
अमोनियाची मर्यादा पाळायची असेल तर कशी कमी करणार? शिवाय ऑक्सिजन फार उतरला की तुमचे तंतूवाले खरंच येतील. त्यापेक्षा जादा गाळ काढून गाळाचं वय, म्हणजे तो टाक्यांमध्ये फिरत राहण्याचा काळ, उतरवा, म्हणजे नायट्रेट कमी होईल. तेही जपूनच, कारण त्यानेही अमोनिया वाढू शकतो.

मालवणी_स्थापत्य
पर्यायांत ‘रिटर्न वाढवणे’ आणि ‘जादा गाळ काढणे’ दोन्ही असतील तर कुठल्यावर खूण करू?

खाजणवाला
मी रिटर्नवर केली असती. उत्तरतालिका काय म्हणेल देव जाणे.